'आमच्याच फॉरमॅटमध्ये पाठवा': कंपनीच्या साच्यात रेझ्युमे तासाभरात कसा बसवायचा

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार, दुपारचे सव्वाचार. मावसबहिणीचा फोन आला. "ताई, सकाळी पाठवलेला रेझ्युमे चालणार नाही म्हणतायत. क्लायंटचा फॉरमॅट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय, साडेपाचच्या आत भरून हवाय." ती पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. मी त्याआधी सहा वर्षं याच शहरात, कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या एका कन्सल्टन्सीत असे फॉरमॅट पाठवायचं आणि भरून आलेले तपासायचं काम केलेलं होतं, त्यामुळे फोन मला येणं साहजिकच होतं.

तिचा रेझ्युमे दिसायला देखणा होता. डावीकडे निळी पट्टी, तीत फोटो, कौशल्यांपुढे पाचपैकी साडेचार तारे, उजवीकडे नोकऱ्या. एका डिझाइनच्या साइटवर केलेला, पीडीएफ स्वरूपातला. आलेला फॉरमॅट म्हणजे वर्डची तीन पानी फाइल: वर माहितीचा तक्ता, मग कौशल्यांचा, मग नोकऱ्यांचा, आणि शेवटी प्रत्येक प्रोजेक्टसाठी एक चौकट. आम्ही पाच वाजून वीस मिनिटांनी ती फाइल पाठवली. त्या तासाभरात काय केलं आणि कोणत्या क्रमाने, ते इथे लिहिते आहे.

कंपनी अडून का बसते

हे माहीत असलं की कुठे वेळ घालवायचा ते कळतं. कन्सल्टन्सी एका जागेसाठी पाच-सहा जणांचे रेझ्युमे एकदम पुढे पाठवते. समोरचा मॅनेजर ते वाचत बसत नाही, एकाखाली एक ठेवून चाळतो. एकूण अनुभव, कामाशी संबंधित अनुभव, नोटिस पिरियड, सध्याचा आणि अपेक्षित पगार ही माहिती सगळ्यांची एकाच जागी असली की पाच मिनिटांत चाळणी होते. म्हणजे या फॉरमॅटचं खरं डोकं पहिल्या पानावरच्या तक्त्यात आहे. प्रोजेक्टची वर्णनं नंतर वाचली जातात, तीसुद्धा चाळणीतून पुढे गेलात तर.

दुसरं कारण कन्सल्टन्सीच्या सोयीचं. उमेदवाराचा फोन आणि ईमेल पुढे जाऊ नये असं त्यांना वाटतं, म्हणून त्यांच्या साच्यात ते रकानेच नसतात. नसले तर नसू द्या, वरच्या कोपऱ्यात घुसडू नका. काढून टाकण्यात समोरच्याचीच पाच मिनिटं जातात आणि कधीकधी त्या नादात तुमचा एखादा रकानाही उडतो.

फाइल उघडण्याआधी तीन प्रश्न

रिक्रूटरला एकच मेसेज करा आणि त्यात तीन गोष्टी विचारा. भरलेली फाइल वर्डमध्येच हवी की पीडीएफ? फाइलला नाव कसं द्यायचं? आणि या जागेसाठी 'संबंधित अनुभव' नेमका कशातला धरायचा? पहिल्याचं उत्तर जवळजवळ नेहमी 'वर्ड' असं येतं, कारण त्यांना त्यात आपला लोगो टाकायचा असतो, थोडी डागडुजी करायची असते. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कुणी विचारत नाही. बहिणीच्या बाबतीत उत्तर आलं: ऑटोमेशन टेस्टिंग. मॅन्युअल टेस्टिंग धरायचं नाही. यावर पुढचा एक अख्खा रकाना ठरला.

उत्तराची वाट बघत थांबू नका, तोवर काम सुरू करा. आणि हे काम फोनवर करू नका. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये तक्ते नीट दिसतात असं वाटतं, पण रुंदी हलते, ओळी पुढच्या पानावर ढकलल्या जातात आणि ते लॅपटॉपवर उघडेपर्यंत कळत नाही. घरी वर्ड नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या मोफत खात्यावर ब्राउझरमधलं वर्ड चालतं. सायबर कॅफेत बसलात तर निघताना डाउनलोडमधली फाइल पुसा, तिच्यात तुमचा पॅन नंबर असतो.

आधी सगळं कोऱ्या मजकुरात

बहुतेकांचा पहिला तास इथेच वाया जातो. जुना रेझ्युमे एका खिडकीत, फॉरमॅट दुसऱ्या खिडकीत, आणि इकडून उचल तिकडे टाक. असं केलं की मजकुराबरोबर जुना फॉन्ट, जुना रंग, जुने बुलेट आणि कधीकधी जुना तक्ताही रकान्यात येऊन बसतो. तक्त्याच्या आत तक्ता शिरला की रकाना उजवीकडे फुगतो, पानाबाहेर जातो आणि पुढची वीस मिनिटं तो ओढून जागेवर आणण्यात जातात.

त्यापेक्षा जुन्या रेझ्युमेतला सगळा मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाका. नोटपॅडच्या साध्या .txt फाइलमध्ये फॉन्ट, रंग, तक्ता यांतलं काहीच राहत नाही, म्हणून तिथे फक्त अक्षरं उरतात. दोन स्तंभांच्या पीडीएफमधून उचललेला मजकूर उलटसुलट येतो हे लक्षात ठेवा. बहिणीच्या रेझ्युमेत डाव्या पट्टीतली शिक्षणाची ओळ उजवीकडच्या नोकरीच्या मधोमध येऊन बसली होती. कौशल्यांपुढचे तारे तर आलेच नाहीत, कारण ती चित्रं होती. त्याचं वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. 'साडेचार तारे' या माहितीचा रकाना कुठल्याच कंपनीच्या फॉरमॅटमध्ये नसतो. तिथे विचारतात: किती वर्षं वापरलं, शेवटचं कधी वापरलं, कोणती आवृत्ती.

नोटपॅडमध्ये मजकूर आला की तो फॉरमॅटच्या क्रमाने लावून घ्या: आधी माहिती, मग कौशल्यं, मग नोकऱ्या, मग प्रोजेक्ट. हीच फाइल जपून ठेवा. पुढच्या वेळी दुसरी कंपनी दुसरा साचा पाठवेल तेव्हा सुरुवात इथून करायची, सजवलेल्या पीडीएफपासून नाही. आम्हाला या टप्प्याला पंधरा मिनिटं लागली. फाइल आधीच तयार असती तर ती वाचली असती.

तारखा: इथे घाई नको

बहिणीच्या रेझ्युमेत लिहिलेलं होतं: पहिली नोकरी २०१९ ते २०२१, दुसरी २०२१ ते आजवर. फॉरमॅटला दिवस, महिना, वर्ष असं सगळं हवं होतं. आठवणीने भरू नका. ऑफर लेटर आणि रिलीव्हिंग लेटर उघडा. पुढे पार्श्वभूमी तपासणीत याच तारखा कागदपत्रांशी आणि पीएफच्या नोंदींशी जुळवून पाहतात. 'जुलैमध्ये लागले होते बहुतेक' हे तिथे चालत नाही.

पत्रांवरून तारखा निघाल्या त्या अशा. पहिली नोकरी १२ जुलै २०१९ ते ३० सप्टेंबर २०२१. दुसरी १८ ऑक्टोबर २०२१ पासून पुढे. मध्ये सतरा दिवस रिकामे.

आता एकूण अनुभव. तिने तोंडी हिशेब केला: पहिलीत २ वर्षे २ महिने, दुसरीत २ वर्षे ९ महिने, म्हणजे ४ वर्षे ११ महिने. तिने तेच लिहायला घेतलं. जागेची अट होती किमान पाच वर्षांची. मी म्हटलं, थांब, वरचे दिवस कुठे गेले? पहिल्या नोकरीत महिन्यांच्या वर १९ दिवस उरतात, दुसरीत २२. मिळून ४१ दिवस, म्हणजे एक महिना आणि वर काही दिवस. एकूण भरली ५ वर्षे, तीही खोटं काही न लिहिता. सुटे दिवस दोन्हीकडे टाकून दिल्यामुळे ती चाळणीतच अडकली असती.

हा हिशेब एक्सेलमध्ये करणं बरं. दुसऱ्या ओळीपासून A स्तंभात रुजू झाल्याची तारीख, B मध्ये सोडल्याची, चालू नोकरीसाठी आजची. पहिलं सूत्र C2 मध्ये घाला आणि खाली C3 मध्ये ओढा, दुसरं खालच्या कुठल्याही रिकाम्या खणात:

```
=B2-A2+1
=SUM(C2:C3)/365.25
```

आमचं उत्तर आलं ८१२ आणि १०२६ दिवस, एकूण १८३८, म्हणजे ५.०३ वर्षं. तारखा `12-Jul-2019` अशा लिहा. नुसते आकडे टाकले तर काही लॅपटॉपांवर एक्सेल महिना आधी धरतो आणि १२ जुलैचा ७ डिसेंबर होऊन बसतो. तारीख खणाच्या डाव्या कडेला चिकटून राहिली तर एक्सेलने ती तारीख म्हणून ओळखलेलीच नाही असं समजा. आणि उत्तराच्या जागी दिवसांऐवजी एखादी विचित्र तारीख दिसली तर त्या खणाचं स्वरूप General करा.

मग दशांशाचा घोळ. संबंधित अनुभव, म्हणजे ऑटोमेशन, तिने ३ जानेवारी २०२२ पासून केलं होतं: २ वर्षे ७ महिने. आपल्याकडे बरेच जण ते २.७ असं लिहितात. वाचणारा मात्र ते दशांश म्हणून वाचू शकतो, मग २ वर्षे ७ महिन्यांचे २ वर्षे ८ महिन्यांहून जास्त होतात. दहा महिन्यांचं तर आणखी वाईट. २ वर्षे १० महिने म्हणून `2.10` लिहिलं आणि रिक्रूटरने ते आपल्या एक्सेल ट्रॅकरमध्ये टाकलं की त्याचं `2.1` होतं, आणि तुमचे नऊ महिने गायब. म्हणून रकान्यात वर्षे आणि महिने असे शब्दांसकट लिहा. फक्त आकडाच घेणारा रकाना असेल तर खरा दशांश काढून तो लिहा, इथे २.६, आणि मेलमध्ये वर्षे-महिने वेगळे कळवा.

आणखी एक पेच तिच्या पहिल्या नोकरीत होता. ती बसायची एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसात, पण पगाराची स्लिप दुसऱ्याच कंपनीची यायची, कारण नेमणूक त्या दुसऱ्या कंपनीच्या पेरोलवर होती. जुन्या रेझ्युमेत तिने मोठ्या कंपनीचंच नाव लिहिलेलं. फॉरमॅटमध्ये 'एम्प्लॉयर' आणि 'क्लायंट' असे दोन रकाने असतील तर पेरोलवाली कंपनी एम्प्लॉयरमध्ये आणि जिथे बसायचात ती क्लायंटमध्ये. एकच रकाना असेल तर पेरोलवाली कंपनी लिहा आणि क्लायंटचं नाव प्रोजेक्टच्या चौकटीत घ्या. पीएफच्या नोंदीत पेरोलवाल्या कंपनीचंच नाव असतं. तपासणीत तिथे फरक दिसला की खुलासे देत बसावं लागतं, तेही ऑफर हातात आल्यावर.

आता साचा उघडा

व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा मेलवरून आलेली फाइल वर्ड आधी फक्त वाचायला उघडतं. वरच्या पिवळ्या पट्टीवर Enable Editing दाबा आणि लगेच Save As करून तुमच्या नावाची प्रत बनवा. मूळ कोरी फाइल तशीच राहू द्या. भरताना तक्ता मोडला तर परत जायला ती लागते.

मग भरायला न बसता दोन मिनिटं नुसतं बघा. `Ctrl+Shift+8` दाबलं की परिच्छेदांच्या खुणा दिसतात, साचा कसा बांधलाय ते कळतं. `Ctrl+End` दाबून शेवटी जा, कधीकधी चौथ्या पानावर एखादी घोषणा आणि सहीची जागा लपलेली असते. हेडर, फूटर नीट वाचा. हसू येईल, पण कन्सल्टन्सीकडून येणारा 'कोरा' फॉरमॅट हा बहुधा मागच्या कुणाच्या तरी भरलेल्या रेझ्युमेतून मजकूर पुसून केलेला असतो. मुख्य पान पुसलेलं असतं, फूटरमध्ये त्या माणसाचं नाव तसंच असतं. मी कामाला असताना एकदा असाच साचा आमच्याकडून बाहेर गेला आणि चार उमेदवारांचे रेझ्युमे एकाच पाचव्या माणसाच्या नावाने पुढे पोचले. File मधल्या Info पानावर Author समोर कुणाचं नाव आहे तेही बघा. दुसऱ्याचं असेल तर त्यावर राइट क्लिक करून काढता येतं.

भरताना मजकूर नोटपॅडमधून उचलायचा आणि रकान्यात फक्त अक्षरं टाकायची. नव्या वर्डमध्ये त्यासाठी `Ctrl+Shift+V` आहे, जुन्यात राइट क्लिक करून Keep Text Only निवडा. म्हणजे साच्याचाच फॉन्ट लागतो. तरी एखादी ओळ वेगळी दिसली तर ती निवडून `Ctrl+Space` दाबा, अक्षरांचं वरून चढलेलं रूप उतरतं. `Ctrl+Q` ने परिच्छेदाचं अंतर साच्याप्रमाणे होतं. एका रकान्यातून दुसऱ्यात जायला टॅब. पण शेवटच्या रकान्यात टॅब दाबलात तर नवी रिकामी ओळ तयार होते. ती नको असेल तर लगेच `Ctrl+Z`.

मजकूर भरताना स्तंभ आपोआप रुंद-अरुंद होत असतील तर तक्त्यात क्लिक करून Layout मधल्या AutoFit मध्ये Fixed Column Width करा. आणि एखाद्या रकान्यात लिहिलेलं खाली कापलं जात असेल, म्हणजे तुम्ही चार ओळी लिहिल्या आणि दिसतात दोनच, तर त्या ओळीची उंची साचा बनवणाऱ्याने पक्की बांधली आहे. Table Properties मध्ये Row वर जाऊन Exactly च्या जागी At least करा. ही चूक भयंकर फसवी आहे. मजकूर फाइलमध्ये असतो, त्यामुळे तुम्हाला वाटतं भरलाय. छापलेल्या कागदावर किंवा पीडीएफमध्ये तो नसतो.

प्रोजेक्टच्या चौकटी

साच्यात तीन चौकटी होत्या, बहिणीचे प्रोजेक्ट होते पाच. अशा वेळी एक कोरी चौकट, भरण्याआधी, डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या चार बाणांच्या खुणेवर क्लिक करून अख्खी निवडा, कॉपी करा आणि शेवटच्या चौकटीखाली एक रिकामी ओळ सोडून चिकटवा. ती रिकामी ओळ नसेल तर वर्ड दोन्ही तक्ते जोडून टाकतं. भरलेली चौकट कॉपी करून तीतला मजकूर बदलायला जाऊ नका, घाईत मागच्या प्रोजेक्टचा टीमचा आकडा नाहीतर तारीख तशीच राहते.

पाचही भरायचे का? आम्ही चार भरले. ताजे दोन सविस्तर, सहा-सहा ओळींचे, कारण ऑटोमेशन त्यांतच होतं. आधीचे दोन तीन-तीन ओळींचे. पाचवा दीड महिन्याचा होता, तो सोडला, पण नोकरीच्या तारखा पूर्ण असल्यामुळे त्याने खंड पडत नाही. 'जबाबदाऱ्या' या रकान्यात जुन्या रेझ्युमेतली वाक्यं बहुतेक तशीच चालतात. 'आम्ही केलं' असं असेल तर 'मी काय केलं' तेवढं ठेवा. बुलेट नोटपॅडमधून आणू नका. ते दुसऱ्या फॉन्टमधून आलेले असले तर चौकोन दिसतात. आधी नुसत्या ओळी टाका, मग साच्यातलाच बुलेट लावा.

काही साचे कुलूपबंद असतात. फक्त करड्या खणांत लिहिता येतं, बाकी कुठे कर्सरच जात नाही. तिथे चौकट वाढवता येत नाही. काही खणांना अक्षरांची मर्यादा असते आणि ती आली की टाइप होणं अचानक थांबतं. अशा जुन्या पद्धतीच्या फॉर्ममध्ये शुद्धलेखनाची लाल रेघही येत नाही, म्हणून मजकूर आधी वेगळ्या वर्ड फाइलमध्ये टाकून इंग्रजी तपासा. कुलूप तोडायच्या नादाला लागू नका. जास्तीचे प्रोजेक्ट शेवटच्या खणात एकेका ओळीत लिहा किंवा रिक्रूटरला मोकळी फाइल मागा. बहुतेकदा त्यांच्याकडे ती असतेच.

नको ते रकाने

जे लागू नाही तिथे `NA` लिहा. रिकामा रकाना म्हणजे 'राहिला' असं समजलं जातं आणि फाइल परत येते. पगारात ठरलेला भाग आणि व्हेरिएबल वेगवेगळा सांगा, नुसता एक आकडा दिलात तर बोलणी सुरू होताना कोणता होता यावरून वाद होतो. नोटिस पिरियड पत्रात जो आहे तोच लिहा. नव्वद दिवसांचा साठ होऊ शकतो असं वाटत असेल तर तसं शेजारी लिहा, थेट साठ नको. राजीनामा दिलेला असेल तर शेवटचा दिवस तारखेसकट.

पॅन नंबर बऱ्याच फॉरमॅटमध्ये मागतात. एकाच उमेदवाराला दोन कन्सल्टन्सींनी पाठवलं की क्लायंटकडे कोणाचा हक्क यावर भांडण होतं. त्यासाठी ओळख म्हणून तो वापरला जातो. ओळखीची कन्सल्टन्सी आणि कंपनीच्या डोमेनवरून आलेला मेल असेल तर मी देईन, नाहीतर 'निवड झाल्यावर देईन' असं लिहीन. आधार कार्डाची प्रत, बँकेचा तपशील, पासबुकाचं पान यांचं या पायरीवर काहीही काम नाही. आणि फॉरमॅट करून देण्याचे किंवा रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा, खरी कंपनी त्यासाठी पैसे घेत नाही.

पाठवण्याआधीची दहा मिनिटं

फाइल पीडीएफ म्हणून एकदा सेव्ह करा आणि ती पीडीएफ वाचा, वर्डची नको. कापलेला मजकूर, दोन पानांत तुटलेली ओळ, अर्धं कोरं पान हे सगळं पीडीएफमध्येच दिसतं. मग वर्डमध्ये `Ctrl+F` करून `Click or tap` शोधा. सापडलं म्हणजे एखादा खण भरायचा राहिलाय. Review मध्ये ट्रॅक चेंजेस चालू नाही ना ते बघा. असेल तर सगळे बदल स्वीकारून बंद करा, नाहीतर तुमची खाडाखोड लाल अक्षरांत समोर जाईल. शेवटी पहिल्या पानावरचा एकूण अनुभव आणि आतल्या नोकऱ्यांच्या तारखा पुन्हा एकदा जुळवा. आम्ही हे करताना सापडलं की दुसऱ्या नोकरीची तारीख वरच्या तक्त्यात १८ ऑक्टोबर आणि प्रोजेक्टच्या चौकटीत १ ऑक्टोबर अशी पडली होती.

फाइलचं नाव त्यांनी सांगितलेलं असेल तर तेच. नसेल तर नाव, काम आणि अनुभव पुरे. इथे `Name` च्या जागी तुमचं नाव घाला:

```
Name_AutomationTester_5Y0M.docx
```

व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरलेल्या फाइलच्या शेवटी `(1)` किंवा `final_final` असलं काही राहू देऊ नका.

मेल नवा लिहू नका, सकाळच्या मेललाच उत्तर द्या, म्हणजे कोणत्या जागेबद्दल चाललंय ते शोधावं लागत नाही. वर्डची फाइल जोडा, सोबत त्याचीच पीडीएफ. मजकूर इंग्रजीत, चार ओळींचा. आशय एवढाच: 'तुमच्या फॉरमॅटमध्ये रेझ्युमे जोडला आहे. एकूण अनुभव ५ वर्षे, ऑटोमेशन २ वर्षे ७ महिने, नोटिस ९० दिवस. फॉरमॅटमध्ये तीनऐवजी चार प्रोजेक्ट घेतले आहेत. क्लायंटला पाठवण्याआधी काही बदललंत तर अंतिम प्रत मलाही पाठवा.' मग व्हॉट्सअ‍ॅपवर 'मेल केला आहे' एवढंच कळवा. फाइल तिथेही मागितली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट नको.

मेलमधली ती शेवटची ओळ मी मुद्दाम घालायला लावली. काही वर्षांपूर्वी माझ्याच एका अर्जात मधल्या माणसाने मी कधी न वापरलेलं एक टूल कौशल्यांत घुसडलं होतं. मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्यावर आला आणि मी कागदाकडे बघत राहिले. अंतिम प्रत मागितली तर दर वेळी मिळतेच असं नाही. पण तुम्ही काय पाठवलं त्याची पीडीएफ मेलमध्ये तारखेसकट राहते, आणि गरज पडली तर ती उघडून दाखवता येते.

परत आली तर

त्या दिवशी सहा वाजता रिक्रूटरचा मेसेज आला: अपेक्षित पगार टक्क्यांत नको, लाखांत हवा. अशा वेळी लोक एक रकाना बदलतात आणि त्याच नावाने फाइल परत पाठवतात. रिक्रूटरकडे एकाच नावाच्या दोन फाइली होतात आणि पुढे जाते ती जुनी. नावाच्या शेवटी `_v2` लावा, मेलमध्ये एका ओळीत लिहा की फक्त अपेक्षित पगाराचा रकाना बदलला आहे, आधीची फाइल रद्द समजावी. बदल करताना दुसरं काही 'जाता जाता' सुधारू नका. तिथेच नव्या चुका शिरतात आणि त्या तपासायला आता कुणी बसणार नसतं.

सव्वासहाला दुसरी प्रत गेली. बहिणीने मग नोटपॅडच्या त्याच फाइलच्या डोक्यावर तीन ओळी लिहून ठेवल्या: कोणत्या कन्सल्टन्सीला, कोणत्या तारखेला, किती अपेक्षित पगार सांगितला. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्याच कन्सल्टन्सीचा फोन आला, त्याच क्लायंटच्या त्याच जागेसाठी. त्या ओळी बघून तिने आपलं नाव आधीच गेल्याचं जागच्या जागी सांगितलं.